यादीतली सात मुलं: ‘शिक्षणाचे समाजशास्त्र’ या पेपराला बसणाऱ्यांना खुले पत्र

प्रिय विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

दर उन्हाळ्यात मी कोल्हापुरातल्या एका कॅप सेंटरवर तुमच्या उत्तरपत्रिका तपासायला बसते. डोक्यावर घरघरणारा पंखा, समोर गठ्ठे आणि अकरा वाजता येणारा अर्धा कप चहा. ‘शिक्षकांच्या अपेक्षा व विद्यार्थ्यांची कामगिरी यांचा संबंध स्पष्ट करा’ हा पंधरा गुणांचा प्रश्न फिरून फिरून येतो, आणि त्याचं उत्तरही फिरून फिरून तेच येतं. सुरुवातीला ग्रीक शिल्पकार पिग्मॅलियनची गोष्ट अर्धं पान. मग ‘रोझेन्थालने सिद्ध केले की शिक्षकाने चांगली अपेक्षा ठेवल्यास मुलाचा बुद्ध्यांक वाढतो’ हे वाक्य. शेवटी ‘म्हणून शिक्षकांनी सर्व मुलांकडून चांगली अपेक्षा ठेवावी.’ मी सात गुण देते आणि पान उलटते.

सातच का, असं तुमच्यापैकी काहींनी विचारलंय. हे पत्र त्याचंच उत्तर आहे.

पहिली अडचण व्याख्येतच होते. या प्रश्नाच्या मुळाशी असलेली कल्पना समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टनने १९४८ साली मांडली. तिला कुणी ‘स्वयंपूर्त भविष्यवाणी’ म्हणतं, कुणी ‘स्वतःला खरं करणारं भाकीत’. मला दुसरं बरं वाटतं, कारण त्यात नेमकं काय घडतं ते दिसतं. मर्टनचं उदाहरण बँकेचं आहे. १९३२ सालची, अगदी ठणठणीत असलेली बँक. ती बुडणार अशी आवई उठते, खातेदार धावत येऊन पैसे काढतात, आणि बँक खरंच बुडते. इथे कळीचा शब्द ‘ठणठणीत’ हा आहे. सुरुवातीचा समज खोटा असला पाहिजे, त्या खोट्या समजापोटी लोकांचं वागणं बदललं पाहिजे, आणि त्या वागण्यामुळे तो खरा ठरला पाहिजे. बँक आधीच पोकळ असती, तर आवई हे नुसतं अचूक भाकीत झालं असतं.

‘बाईंना वाटलं मुलगा कच्चा आहे आणि तो नापास झाला’ एवढ्यावर तुम्ही थांबलात, तर तुम्ही काहीच दाखवलेलं नसतं. मुलगा खरंच कच्चा असेल आणि बाईंची नजर तयार असेल, असंही होऊ शकतं. वर्षानुवर्षं शिकवलेल्या माणसाचा अंदाज बऱ्याचदा बरोबरच निघतो, आणि या विषयावरच्या नंतरच्या संशोधनाने हे पुन्हा पुन्हा दाखवलंय. म्हणून अचूक अंदाज आणि स्वतःला खरं करणारं भाकीत यांतला फरक उत्तराच्या पहिल्याच पानावर आला पाहिजे. तिथे तो दिसला की मी पेन खाली ठेवून नीट वाचायला लागते.

आता तो प्रसिद्ध प्रयोग. रॉबर्ट रोझेन्थाल हे मानसशास्त्रज्ञ आणि लेनोर जेकबसन या दक्षिण सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका. पहिली ते सहावी असे सहा वर्ग, प्रत्येक वर्गाच्या तीन तुकड्या: हुशार, मध्यम, मंद. आपल्याकडच्या अ, ब, क सारख्याच म्हणा. १९६४ साली मुलांना एक बुद्धिमापन चाचणी दिली. शिक्षकांना तिचं नाव भारदस्त सांगितलं, हार्वर्डचं, आणि कोणती मुलं लवकरच फुलणार हे या चाचणीवरून कळतं असं सांगितलं. नव्या वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक शिक्षकाच्या हातात काही नावं ठेवली. साधारण वीस टक्के मुलं. नावं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली होती. यादीतल्या आणि यादीबाहेरच्या मुलांत फरक एवढाच, की शिक्षकांच्या मनात एक समज होता. मर्टनची ‘खोट्या समजाची’ अट इथे मुद्दाम पुरी केलेली आहे. प्रयोगाची सगळी हुशारी यात आहे, आणि हे वाक्य मला शंभरात चार-पाच पेपरांत सापडतं.

वर्षभराने पुन्हा तीच चाचणी. सगळ्या शाळेचा हिशेब केला तर यादीबाहेरच्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरी सुमारे ८.४ गुणांनी वाढला होता आणि यादीतल्यांचा १२.२ गुणांनी. फरक चारच्या आतला. पण वर्गवार पाहिलं की चित्र पालटतं. पहिलीत यादीबाहेरची मुलं १२ गुणांनी वाढली आणि यादीतली २७.४ गुणांनी. दुसरीत ७ विरुद्ध १६.५. तिसरीपासून पुढे मात्र भरवसा ठेवावा असा फरक उरत नाही. पाचवीत दोन्ही गट जवळजवळ सारखे आहेत आणि सहावीत तर यादीबाहेरचे किंचित पुढे.

म्हणजे ‘अपेक्षेने बुद्ध्यांक वाढतो’ हे वाक्य त्या शाळेच्या सहापैकी चार वर्गांना लागूच पडत नाही. आणि जिथे पडतं, तिथे पहिलीत यादीतली मुलं किती होती? सात. दुसरीत बारा. जगभरच्या पाठ्यपुस्तकांतला सगळा डोलारा या एकोणीस पोरांच्या खांद्यावर उभा आहे. त्यात ती चाचणी एवढ्या लहान मुलांसाठी नीट बेतलेली नव्हती. पहिलीतल्या मुलांचे काही सुरुवातीचे आकडे इतके खाली निघाले होते, की ते खरे मानले तर ती मुलं शाळेत येऊच शकली नसती. आकडा मुळात तळाला असला की पुढच्या वेळी उसळी मोठी दिसणारच. रॉबर्ट थॉर्नडाइक या मापनतज्ज्ञाने, ‘पिग्मॅलियन इन द क्लासरूम’ हे या प्रयोगावरचं पुस्तक आलं त्याच वर्षी, १९६८ मध्ये, यावर सडकून टीका केली. त्यानंतर हाच प्रयोग करून पाहणाऱ्या अनेकांच्या हाती काही लागलं नाही.

इथे येऊन काहीजण दुसऱ्या टोकाला जातात आणि ‘प्रयोग फसवा होता’ असं लिहून मोकळे होतात. तेही चुकीचं आहे. खरा प्रश्न असा, की काहींना परिणाम सापडला आणि काहींना नाही, हे कशामुळे? स्टीफन राउडनबुश यांनी १९८४ साली असे अठरा प्रयोग एकत्र मांडून पाहिले आणि त्यांना एक धागा मिळाला. खोटी माहिती देण्याआधी शिक्षक त्या मुलांना किती दिवस ओळखत होता, हे त्यांनी तपासलं. ओळख दोन आठवड्यांची किंवा त्याहून कमी असेल तर परिणाम दिसतो. त्याहून जास्त असेल तर जवळजवळ नाहीसा होतो. शिक्षकाने पोराला दोन आठवडे पाहिलं, की हार्वर्डची चिठ्ठी आली तरी तो स्वतःच्या डोळ्यांवरच विश्वास ठेवतो. पहिली-दुसरीतच परिणाम जास्त का, याचाही अंदाज यातून येतो: त्या मुलांची शाळेत अजून कोणतीही ख्याती झालेली नसते. राउडनबुश यांना सातवीतही परिणाम पुन्हा वर आलेला दिसला. अमेरिकेत तिथे शाळा बदलते. आपल्याकडे प्राथमिक शाळा सोडून पोरं पाचवीला किंवा आठवीला हायस्कुलात जातात, तशी ती जागा.

माझं म्हणणं एवढंच आहे: या प्रश्नाचं उत्तर जूनच्या पहिल्या पंधरवड्यात दडलेलं आहे. समज बसतो तो तेव्हा. पुढचं वर्षभर तो फक्त वापरला जातो.

हे प्रयोगाबाहेर, खऱ्या वर्गात बघायचं असेल तर समाजशास्त्रज्ञ रे रिस्ट यांच्या अभ्यासाकडे जा. अमेरिकेतल्या सेंट लुईसमधल्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या शाळेत त्यांनी बालवर्गापासून दुसरीपर्यंत एकाच मुलांच्या गटाचा माग ठेवला आणि १९७० साली तो मांडला. शाळेच्या आठव्या दिवशी बाईंनी मुलांच्या कायमच्या जागा ठरवल्या. तीन टेबलं. पहिलं आपल्याजवळ, तिसरं लांब. तोवर एकही चाचणी झालेली नव्हती. बाईंकडे होती ती माहिती अशी: कोणाच्या घरी सरकारी मदत येते, आईशी झालेलं बोलणं, थोरली भावंडं कशी होती, कपडे कसे, अंगाला वास येतो का, प्रमाण बोली येते की वस्तीतली. पहिल्या टेबलाला शिकवणं मिळालं, तिसऱ्याला गप्प बसण्याच्या सूचना. दुसरीत गेल्यावर तर शेवटच्या गटाला ‘विदूषक’ असंच नाव पडलं होतं. आणि आता शाळेच्या दफ्तरात त्यांचे गुणही होते. पहिल्या वर्षी कपड्यांवरून केलेली वाटणी दुसरीत ‘गुणवत्तेनुसार’ झाली. बाई स्वतः कृष्णवर्णीयच होत्या, हे विसरू नका. उत्तरात ‘वंशवादी शिक्षक’ असं लिहून सुटता येत नाही. त्यांच्या मनात आदर्श मुलाचं जे चित्र होतं ते मध्यमवर्गीय होतं.

आता आपल्या मुलखातलं. बी.एड.च्या पाठनिरीक्षणासाठी मी काही वर्षांपूर्वी पंचगंगेकाठच्या एका गावातल्या प्राथमिक शाळेत गेले होते. डिसेंबर होता. शिवारात उसाच्या तोडी चालू होत्या. चौथीच्या वर्गात खिडकीशी एक मुलगा बसला होता. बीडकडून आलेल्या टोळीतला, दिवाळीनंतर दाखल झालेला. वर्गाच्या बाई चांगल्या होत्या, हे आधीच सांगते. पोरांना जीव लावणाऱ्या. त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, “मॅडम, त्याचं काय धरू नका. पट्टा पडला की जाणार तो. मार्चपातुर बसतोय बिचारा.”

छात्राध्यापिकेचा पाठ संपल्यावर बाईंनी पाढ्यांची उजळणी घेतली. मी मागे बसून ऐकत होते. पहिल्या बाकावरच्या मुलीला सात पंचे किती म्हणून विचारलं, ती अडली. बाई थांबल्या. “पाच पंचे पंचवीस, सहा पंचे तीस... हां, मग?” मुलगी म्हणाली पस्तीस, बाई म्हणाल्या शाब्बास. थोड्या वेळाने तोच प्रश्न खिडकीशी गेला. तो उभा राहिला, वर छताकडे पाहिलं. एक श्वास घ्यायला लागतो तेवढा वेळ. “पस्तीस. बस बाळ.” बाईंचा आवाज मऊच होता. पण थांबणं नाही, दुवा नाही, शाब्बासकीची वेळच नाही.

मधल्या सुट्टीत मी त्याला सहज विचारलं, दादा, आईबा दिवसाला किती मोळ्या बांधतात? तो म्हणाला मोजायचं काम त्याचंच असतं. पाच-पाचाचे ढीग लावतो. “काल सात ढीग झाले, वर दोन सुट्या. सदतीस.”

त्याला सात पंचे येत होतं. वर्गात दोन श्वास मिळाले असते तर कदाचित तो तिथेही बोलला असता.

या प्रसंगाचं उत्तरात काय करायचं? आधी समज खोटा होता का ते बघा. ‘त्याला येत नाही’ हा खोटा होता, निदान त्या पाढ्यापुरता. ‘तो मार्चला जाणार’ हा मात्र खरा होता. बाईंच्या मनात हे दोन समज एकमेकांत मिसळले होते: जाणार आहे म्हणून शिकणार नाही, शिकणार नाही म्हणजे येत नाही. मग वागणं बघा. जेरे ब्रॉफी आणि थॉमस गुड यांनी १९७० साली पहिलीच्या चार वर्गांत बसून हेच टिपलं होतं. ज्याच्याकडून अपेक्षा आहे त्याचं उत्तर अडलं की शिक्षक प्रश्न सोपा करून पुन्हा विचारतो. ज्याच्याकडून नाही त्याला उत्तर सांगून टाकतो किंवा दुसऱ्याकडे वळतो. रोझेन्थाल यांनी पुढे अशा वागण्याचे चार भाग केले: वर्गातली ऊब, किती आणि किती अवघड शिकवलं जातं, बोलायची संधी किती, आणि उत्तरानंतर मिळणारा प्रतिसाद. खिडकीशी बसलेल्या मुलाला यातली ऊब पुरेशी मिळत होती. उरलेल्या तिन्हींत तो मागे होता. ‘माया आहे म्हणजे अपेक्षा आहे’ असं समजू नका. कीव हीसुद्धा कमी अपेक्षाच असते, आणि ती ओळखणं रागावण्यापेक्षा कठीण असतं, कारण तिच्यात कुणाचंच वाईट चिंतलेलं नसतं.

मर्टनची तिसरी अट राहते ती म्हणजे परिणाम, आणि तिथे मी तुम्हाला हात आखडता घ्यायला सांगेन. मार्चमध्ये तो मागे पडला असता, तर ते बाईंच्या अपेक्षेमुळे असं मला एका भेटीवरून म्हणता येणार नाही. तो आठवड्यातून दोन दिवस धाकट्या बहिणीला सांभाळायला कोपीवर राहत होता. नेमकं दाखवायचं तर दिवाळीनंतरचा त्याचा तोंडी हिशेब, मार्चमधला हिशेब, आणि त्याच्याइतकंच येणारं पण बाईंना पटलेलं दुसरं एखादं मूल, एवढं शेजारी ठेवावं लागेल. हे मान्य केल्याने तुमचे गुण जात नाहीत, वाढतात.

रोझेन्थालच्या त्याच पुस्तकात एक गोष्ट आहे, जी जवळजवळ कुणीच लिहीत नाही, आणि समाजशास्त्रासाठी माझ्या मते तीच सगळ्यांत मोलाची आहे. मंद तुकडीतली, यादीत नसलेली काही मुलंही त्या वर्षात पुढे गेली होती. शिक्षकांना त्यांच्याबद्दल विचारलं तर आनंद दिसायला हवा होता. उलट झालं. त्यातली जी मुलं जास्त वाढली, त्यांच्याबद्दलचं मत जास्त प्रतिकूल होतं. ‘ढ’ म्हणून ठरलेलं पोर हुशार निघालं तर ते कौतुकाचं ठरत नाही, आगाऊ ठरतं. शिक्का नुसता मुलाला अडवत नाही, तो स्वतःची राखणही करतो. आपल्याकडे शिष्यवृत्तीच्या बॅचमध्ये न घेतलेलं पोर जादा तासाच्या दाराशी येऊन उभं राहिलं, तर त्याच्याशी कसं बोललं जातं ते आठवून बघा.

परिणाम केवढा, हेही सांगितलं पाहिजे. ली जसिम आणि केंट हार्बर यांनी २००५ मध्ये पस्तीसेक वर्षांचं काम चाळून काढलेला निष्कर्ष असा, की वर्गात स्वतःला खरं करणारी भाकितं असतात, पण सरासरीने त्यांचा जोर बेताचा असतो आणि तो वर्षागणिक साचत जातोच असं नाही. आधीच ज्यांच्यावर सामाजिक शिक्का आहे, अशा मुलांवर मात्र तो जास्त चालतो. आणि सगळी मुलं शिक्का मुकाट्याने घेतातच असंही नाही. मेरी फुलर यांनी लंडनच्या एका शाळेतल्या कृष्णवर्णीय मुलींबद्दल लिहिलंय. ‘तुमच्याच्याने काय होणार’ हा सूर ऐकून त्या उलट इरेला पेटल्या, शिक्षकांची मर्जी न राखता परीक्षेत मात्र गुण मिळवत राहिल्या. लेबलिंगवर एक परिच्छेद लिहून हे गाळलंत, तर मुलं म्हणजे ओल्या मातीचे गोळे असं तुम्ही म्हणताय असा अर्थ होतो.

आता तुमच्या त्या शेवटच्या वाक्याबद्दल: ‘म्हणून शिक्षकांनी चांगली अपेक्षा ठेवावी.’ मर्टनचा निबंध तिथे संपत नाही. त्याने बजावलंय की सदिच्छा आणि प्रबोधन यांनी हे चक्र तुटत नाही. बँकांसमोरच्या झुंबडी थांबल्या त्या खातेदारांना समजावून नव्हे, ठेवींना संरक्षण देणाऱ्या कायद्यांमुळे. चक्र तुटतं ते व्यवस्था बदलल्यावर. आणि याचं उदाहरण शोधायला कोल्हापूरच्या पोराला अमेरिकेत जायची गरज काय? ‘खालच्या जातींना विद्या झेपत नाही’ हे आपल्याकडचं केवढं जुनं भाकीत! शाळेत घ्यायचं नाही, घेतलं तर वेगळं बसवायचं, आणि मग बघा, शिकले नाहीतच. शाहू महाराजांनी नुसतं ‘त्यांच्याबद्दल चांगला विचार करा’ असं आवाहन केलं नाही. १९०१ पासून वसतिगृहं काढली, १९०२ मध्ये नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्या, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सरसकट शाळांत घ्यायला लावलं. शिक्षकाच्या मनात काय आहे याची वाट न पाहता मुलाची बसायची जागा बदलली. तुम्ही दसरा चौकातून रोज जाता, तिथल्या बोर्डिंगांच्या इमारतींकडे बघत जाता, आणि पेपरात मात्र पिग्मॅलियन लिहिता, याचं मला खरंच नवल वाटतं.

एक शेवटचं, माझ्याबद्दल. उत्तरपत्रिकेवर तुमचं नाव नसतं, पण अक्षर असतं. रेमा हॅना आणि ली लिंडन यांनी भारतातच एक प्रयोग करून २०१२ साली छापला. उत्तरपत्रिकांवर जातीची माहिती चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटून दिली आणि त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. खालच्या जातीची खूण असलेल्या पेपरांना थोडे कमी गुण पडले. फरक लहान होता, पण होता. ते वाचल्यावर मी स्वतःवर नजर ठेवली. पहिलं पान टापटीप असेल तर चौथ्या प्रश्नातली चूक मी ‘घाईत झाली असेल’ म्हणून सोडत होते. पहिलं पान गिचमिड असेल तर त्याच चुकीखाली लाल रेघ ओढत होते. आठव्या दिवशी टेबलं लावणाऱ्या बाईंना निदान आठ दिवस लागले होते, मला एक पान पुरत होतं.

तेव्हापासून मी एक पेपर सलग तपासत नाही. गठ्ठ्यातल्या सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग गठ्ठा उलटसुलट करून सगळ्यांचा दुसरा, आणि आधीचे गुण पट्टीने झाकलेले. वेळ जास्त लागतो. शेजारच्या टेबलावरचे सर म्हणतात, “मॅडम, गठ्ठा संपणार कधी?” संध्याकाळपर्यंत संपतो.

तुमची,
एक परीक्षक
कोल्हापूर